जाणीव नको, यादी द्या

सहकारी पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी झालेल्या एका प्रशिक्षण वर्गातून आमच्या शाखेतला एक तरुण लिपिक छापील नमुन्यांचा गठ्ठा घेऊन आला. त्यात ‘लेखापरीक्षण अथवा महिनाअखेरच्या काळातील रजेचा अर्ज’ असा एक नमुना होता. प्रशिक्षकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि ‘असा अर्ज आला की साहेबांना नाही म्हणणं जड जातं’ असं सांगितलं, असं तो म्हणाला. शाखाधिकारी या नात्याने असे अर्ज माझ्या टेबलावर येतात, म्हणजे ज्या साहेबांना नाही म्हणणं जड जातं त्यांतलाच मी एक. माझा अनुभव उलटा आहे. या नमुन्याबरहुकूम आलेला अर्ज नाकारणं सगळ्यांत सोपं असतं, आणि मंजूर केला तर नंतर पस्तावणंही सगळ्यांत सोपं असतं.

नमुना असा आहे : ‘महोदय, सविनय विनंती अर्ज की, सध्या लेखापरीक्षणाचे काम चालू असल्याची मला पूर्ण जाणीव आहे व अशा काळात रजा मागणे उचित नाही हेही मी जाणतो. परंतु घरगुती अडचणीमुळे नाइलाजाने रजा घ्यावी लागत आहे. रजेच्या काळात मी फोनवर चोवीस तास उपलब्ध राहीन व माझ्यामुळे कोणत्याही कामाचा खोळंबा होणार नाही याची ग्वाही देतो. तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’

भाषा शुद्ध आहे, नम्रता ओतप्रोत आहे, आणि मंजुरी देणाऱ्याला जे कळायला हवं त्यातलं एक अक्षरही यात नाही. हवेत बोलण्यापेक्षा एक नेमका प्रसंग समोर ठेवतो.

पतसंस्थांचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 प्रमाणे वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हावं लागतं. त्यापुढे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. एप्रिल-मे ताळेबंद जुळवण्यात जातात, परीक्षक मुख्य कार्यालयात बसतात, आणि शाखांच्या वाट्याला येतात जून-जुलै. आणि आपल्याकडे जून-जुलै म्हणजे वारी. आषाढी एकादशी 2023 मध्ये 29 जूनला आली, म्हणजे तिमाहीअखेरच्या आदल्या दिवशी. 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती 25 जुलैला येते. मुदत संपायला तेव्हा सहा दिवस उरलेले असतात. तारीख मागेपुढे सरकते, पण या दोन महिन्यांबाहेर जात नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही पतसंस्थेत दरवर्षी कुणीतरी नेमक्या याच दिवसांत रजा मागणार, हे पंचांग हातात आल्यापासून ठाऊक असतं. तरीही अर्ज येतो तो ‘अचानक उद्भवलेल्या अडचणी’चा.

समजा, आपल्या शाखेतला लेखापाल आहे. सात जणांची शाखा. त्याला 20 ते 25 जुलै 2026, सोमवार ते शनिवार, सहा दिवसांची अर्जित रजा हवी आहे. संपूर्ण वाट चालणं नोकरदाराला जमत नाही, म्हणून गावच्या दिंडीत शेवटच्या टप्प्यात सामील होऊन वाखरीमार्गे पंढरपूर गाठायचं, असा बेत. त्याने वरचा नमुना उतरवून दिला, तर माझ्यासमोर काय येतं?

पहिलं वाक्य : लेखापरीक्षण चालू असल्याची जाणीव आहे. जाणीव मलाही आहे, शिपायालाही आहे. परीक्षकांची गाडी दारात उभी असते. मला हवंय ते वेगळंच. या माणसाच्या हातात नेमकी कोणती कामं आहेत, आणि त्यांतली कोणती 20 ते 25 या सहा दिवसांत पडतात? ‘लेखापरीक्षणाचा काळ’ म्हणून कुठलाही अखंड काळ नसतो. परीक्षक पहिल्या दिवशी रोकड मोजतात आणि किर्दीशी ताडून पाहतात. मग बँकांतल्या शिलकांचे दाखले, त्यांचा मेळ. मग कर्जाची प्रकरणं : अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनदार, गहाणखत, मुदत टळली आहे का. मग सोनेतारणाची पाकिटं. मग अनामत खात्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नोंदी. शेवटी दोषांची कच्ची यादी आणि तिच्यावर शाखेचा खुलासा. लेखापालाशिवाय अडेल असं यात रोज काही घडत नाही. रोकड रोखपालाची, कर्जाची प्रकरणं कर्ज विभागाची. लेखापालाचा संबंध बँक मेळाशी, अनामतीशी, आणि सोनेतारणाच्या तिजोरीची दुसरी चावी त्याच्याकडे असेल तर तिच्याशी. हा हिशेब अर्जात मांडलेला नसेल तर मला तो मनात मांडावा लागतो; आणि कामाच्या गर्दीत असलेला अधिकारी तो मांडत बसत नाही, ‘या वेळी नको’ म्हणून मोकळा होतो.

महिनाअखेरीचंही तेच. व्यापारी पेढी असो की कारखान्याचं अकाउंट्स खातं, ‘महिनाअखेर’ म्हणून जे म्हटलं जातं त्याचं खरं ओझं पुष्कळदा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असतं. 30 तारखेला माल मोजला जातो, बिलं घ्यायची थांबतात. पण तरतुदीच्या नोंदी, बँक मेळ, व्यवस्थापनाला जाणारं पत्रक हे सगळं 1 ते 5 तारखेत. 7 ला टीडीएसचा भरणा, 11 ला जीएसटीचं विक्रीचं विवरण, 20 ला करभरण्याचं. ज्याच्याकडे फक्त टीडीएस आहे त्याने 28 ते 30 रजा मागताना माफी मागायचं काहीच कारण नाही. त्याने 4 ते 7 मागितली तर मात्र नुसत्या माफीने भागणार नाही. दोन्ही अर्जांवर ‘महिनाअखेर असल्याची जाणीव आहे’ हेच वाक्य शोभून दिसतं, यातच त्याची किंमत कळते.

नमुन्यातलं दुसरं वाक्य मला अधिक खटकतं : अशा काळात रजा मागणे उचित नाही हेही मी जाणतो. अहो, तुम्हीच म्हणता उचित नाही, तर मी मंजूर कशाला करू? पुढे कुणी विचारलं तर माझ्या फायलीत तुमच्याच सहीने लिहिलेलं असेल की ही रजा अनुचित होती आणि तरी शाखाधिकाऱ्याने दिली. अर्जदाराला वाटतं आपण नम्र झालो. खरं तर त्याने मंजुरी देणाऱ्याच्या हातातलं एकुलतं समर्थन काढून घेतलेलं असतं.

मग ‘घरगुती अडचण’. वारी ही अडचण आहे का? मुलीची बारावी, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, चुलतभावाचं लग्न, सगळ्यांवर हा एकच शिक्का मारायची पद्धत का पडली असेल, याचं उत्तर आम्हा साहेब मंडळींकडेच आहे. खरं कारण सांगितलं की आम्ही त्याची प्रतवारी करतो : ऑपरेशन मोठं, लग्न मध्यम, वारी किरकोळ. म्हणून लोक ऑपरेशनाच्या जवळपासचं काहीतरी सांगतात. चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाळ घेतलेला फोटो येतो आणि मग रजा राहते बाजूला, माणूस खोटा ठरतो. कारण एका शब्दात खरं सांगावं, किंवा ‘वैयक्तिक कारण’ असं लिहून सोडून द्यावं. दोन्ही चालतं. अर्धसत्य रंगवून सांगणं चालत नाही, कारण लेखापालाच्या नोकरीत त्याच्या शब्दावर विश्वास असणं हाच कामाचा अर्धा भाग आहे. परीक्षकासमोर उद्या त्याच माणसाचा खुलासा मला ग्राह्य धरायचा असतो.

आता त्या नमुन्यातलं सगळ्यांत लोकप्रिय वाक्य : फोनवर चोवीस तास उपलब्ध राहीन. हे वाक्य लिहिणारा प्रामाणिक असतो, म्हणूनच ते धोक्याचं आहे. दोघेही त्यावर विसंबतात आणि बाकीची तयारी राहून जाते.

वाखरीच्या गर्दीत फोन लागेल का, हा प्रश्न सोडूनच देऊ. फोन लागला तरी त्यावरून काय होणार आहे? सोनेतारणाची पाकिटं दुहेरी ताब्यात असतात; तिजोरी दोन चाव्यांशिवाय उघडत नाही. परीक्षकांनी 21 तारखेला सकाळी सांगितलं की आज पंचवीस पाकिटं काढून वजन आणि पावती ताडून पाहायची आहे, आणि दुसरी चावी धोतराच्या कनवटीला बांधून तिचा मालक माळशिरस तालुक्यात चालतो आहे, तर फोनवर तो काय सांगेल? चावीचं हस्तांतर चावीच्या नोंदवहीत दोन सह्यांनी व्हावं लागतं, आणि तेही तिजोरी उघडून, पाकिटांची संख्या पाहून. ते रजेच्या आधीच होऊ शकतं. संगणकाचंही तसंच. व्हाउचर एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी व्यवस्था असते. मंजुरीचे अधिकार लेखापालाच्या आयडीवर असतील तर ते दुसऱ्याच्या आयडीला तात्पुरते द्यायला मुख्य कार्यालयाचं पत्र लागतं, आणि ते यायला काही दिवस जातात. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये नाव बदलायचं तर संचालकांच्या सह्यांचा अर्ज लागतो, त्याला आणखी वेळ. ही तयारी झालेली नसली की फोनवर एकच गोष्ट घडते : पासवर्ड सांगितला जातो. मग सहा दिवस दुसऱ्या माणसाच्या हाताने पहिल्याच्या नावावर व्हाउचरं मंजूर होतात. चांगला परीक्षक हजेरीपट आणि संगणकातली मंजुरीची नोंद शेजारी ठेवून पाहतो. रजेवरचा माणूस त्याच दिवशी शाखेत व्हाउचर मंजूर करताना दिसला की दोष लिहिला जातो, आणि तो योग्यच असतो. ‘चोवीस तास उपलब्ध’ या वाक्याची परिणती अशी दोषदुरुस्ती अहवालात होते.

ज्याला कोणत्याही कामासाठी फोन करावा लागणार नाही, तो खऱ्या अर्थाने रजेवर आहे. अर्जात फोनचा उल्लेख करायचाच असेल तर असा करावा : ‘23 ते 25 या दिवसांत फोन लागणार नाही, असे धरून चालावे.’ मंजुरी देणाऱ्याला हे वाक्य आवडत नाही. पण ते वाचून तो चावी कुणाकडे आहे ते विचारतो, आणि तेच हवं असतं.

आता मी त्या लेखापालाच्या जागी असतो तर काय लिहिलं असतं, ते देतो. अर्ज 22 जूनला दिला आहे असं धरा. परीक्षकांचं शाखानिहाय वेळापत्रक मुख्य कार्यालयाकडून येण्याआधी तो दिलेला बरा. वेळापत्रक आल्यावर अर्ज दिला तर ते बदलून मागितल्यासारखं होतं, आधी दिला तर ते ठरवताना तुमचे सहा दिवस विचारात घेतले जातात. वाक्यरचनेवर खर्च होणारी निम्मी हुशारी तारखेवर खर्च केली तर जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

‘विषय : 20 ते 25 जुलै 2026, सहा दिवसांची अर्जित रजा.

वारीसाठी वरील रजा हवी आहे. या काळात शाखेचे लेखापरीक्षण चालू असण्याची शक्यता आहे. माझ्याकडील कामांची स्थिती पुढीलप्रमाणे राहील.

जूनअखेरचा सर्व बँकांचा मेळ 11 जुलैपर्यंत पूर्ण करून आपल्याकडे देतो. सोनेतारण तिजोरीची माझ्याकडील चावी 18 जुलैला पाकिटे मोजून, नोंदवहीत सही घेऊन रोखपालांकडे द्यावी असे सुचवतो. त्यांच्याशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही, आपली मंजुरी हवी. अनामत खात्यातील एक वर्षापेक्षा जुन्या प्रत्येक नोंदीचा लेखी खुलासा व्हाउचरच्या प्रतीसह 15 जुलैपर्यंत फायलीत लावतो. व्हाउचर मंजुरीचे माझे अधिकार या सहा दिवसांसाठी कर्ज विभागाच्या लिपिकांना देण्याबाबत मुख्य कार्यालयास पत्र जावे. मसुदा सोबत जोडला आहे.

एक काम राहील. परीक्षकांची दोषयादी या सहा दिवसांत आली, तर हिशेबाच्या मुद्द्यांवरील खुलासा 27 जुलैला हजर झाल्यावरच देऊ शकेन. तो 29 जुलैपर्यंत देईन.

पूर्ण रजा देणे शक्य नसल्यास 23 ते 25 जुलै एवढी रजाही मला चालेल. दिंडीत नाव नोंदवायचे असल्याने 4 जुलैपर्यंत निर्णय कळावा.’

यात एकही माफी नाही आणि उद्धटपणाही नाही. पण मला यातला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ‘एक काम राहील’ हा परिच्छेद. प्रशिक्षकांचा नमुना ग्वाही देतो की कोणत्याही कामाचा खोळंबा होणार नाही. सात माणसांच्या शाखेतून एक जण सहा दिवस गेला आणि काहीच अडलं नाही, असं होत नसतं, काहीतरी अडतंच. ते काय हे अर्जदाराने लिहिलं नाही तर ते मला 22 जुलैला परीक्षकाकडून कळतं. लिहिलं तर जूनमध्येच कळतं, आणि मी परीक्षकांना फोन करून सांगू शकतो की आमच्या शाखेची दोषयादी शक्यतो 18 च्या आत द्या, नाही तर 27 नंतर द्या. त्यांनाही पाच शाखा फिरायच्या असतात. वेळेत सांगितलं की ते क्रम बदलतात. शिवाय एक उणीव स्वतःहून मांडणाऱ्याने बाकीच्या चार गोष्टी ‘होतील’ म्हटलं की त्यावर माझा विश्वास बसतो. सगळंच होईल म्हणणाऱ्यावर बसत नाही.

अनामत खात्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रजेचा खरा घोळ तिथे होतो. परीक्षकांचे प्रश्न ढोबळमानाने दोन जातींचे असतात. काही कागद मागणारे : अमुक व्हाउचर दाखवा, अमुक ठेवीची पावती दाखवा. फायली जागच्या जागी असतील तर हे कुणीही काढून देतो. काही प्रश्न मात्र कारण विचारतात : ही रक्कम दोन वर्षांपूर्वी अनामतीला का जमा केली, आणि अजून वर्ग का झाली नाही? याचं उत्तर कागदावर नसतं, नोंद टाकणाऱ्याच्या डोक्यात असतं. एखाद्या सभासदाने हप्ता भरला, खाते क्रमांक चुकला, म्हणून तात्पुरती ठेवली. मग तो सभासद वारला, वारसांची नोंद अजून बाकी आहे. लेखापाल हजर असताना हे उत्तर अर्ध्या मिनिटाचं. तो नसताना त्याच नोंदीवर ‘खुलासा मिळाला नाही’ असा शेरा पडतो आणि मग तीन महिने दोषदुरुस्ती अहवालातून तो शेरा पुसत बसावं लागतं. म्हणून रजेवर जाणाऱ्याने आधी बसून आपल्या डोक्यातली कारणं कागदावर उतरवावीत. प्रत्येक नोंदीला दोन ओळी पुरतात. अर्जातलं ‘खुलासा 15 जुलैपर्यंत फायलीत लावतो’ हे वाक्य एवढ्या कामाचं वचन आहे, आणि ते पाळलं की नाही हे 16 तारखेला फाईल उघडून मला पाहता येतं. ‘ग्वाही देतो’ याची तपासणी कशी करणार?

माझ्या या म्हणण्यावर दोन बाजूंनी हल्ला होतो, हे मला माहीत आहे.

एक बाजू जुन्या लोकांची. एवढं सगळं लिहून दिलं की तुमच्यावाचून काम चालतं हे तुम्हीच सिद्ध करता. उद्या तुमची किंमत काय राहील? ही भीती खोटी नाही, आपल्याकडच्या कचेऱ्यांतून ती पिढ्यानपिढ्या जोपासली गेली आहे. पण हिशेबाच्या कामात ‘याच्यावाचून चालतच नाही’ ही प्रशंसा मुळीच नव्हे. रिझर्व्ह बँकेने जुलै 2021 मध्ये बँकांना सांगितलं की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्या, आणि तीही त्यांना आधी न कळवता. हेतू उघड आहे : माणूस जागेवर नसताना त्याचं काम दुसऱ्याने पाहिलं की झाकलेलं बाहेर येतं. पतसंस्थेला ती सूचना लागू नाही. तर्क मात्र तंतोतंत लागू आहे. कधीही रजा न घेणारा, चावी कुणाला न देणारा लेखापाल पाहिला की अनुभवी परीक्षक त्याचीच कपाटं आधी उघडायला सांगतात. त्या माणसाने काही केलेलं नसतं, पण त्याने स्वतःला त्या रांगेत उभं केलेलं असतं. चावी लिहून देणारा त्या रांगेतून बाहेर पडतो.

दुसरी बाजू नव्या मुलांची, आणि ती अधिक तावाने बोलते. रजा हा हक्क आहे; साठलेली रजा आहे, मी घेणार; कामाची वाटणी करणं हे साहेबाचं काम, त्याला त्याचा पगार मिळतो; मी फक्त कळवणार. यातलं निम्मं मला मान्य आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आहे, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. ती कुणाची मेहेरबानी नाही, आणि ‘सहानुभूतीपूर्वक’ या शब्दाला अर्जात जागा असू नये ती याच कारणाने. पण रजा किती, हा हक्क. ती कोणत्या तारखांना, हा मंजुरीचा विषय. सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 स्पष्टच सांगतात की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. तेव्हा ‘मी 20 ते 25 येणार नाही, कळावे’ असा एका ओळीचा अर्ज कायद्याने बळकट होत नाही, आणि साहेबाला नकाराचा सोपा रस्ता मात्र मिळतो.

कामाची वाटणी साहेबाने करावी, हेही खरं. म्हणून माझ्या अर्जात ‘सुचवतो’ हा शब्द आहे आणि ‘आपली मंजुरी हवी’ हेही आहे. पण कोणती कामं वाटायची, याची यादी साहेबाकडे नसते. ती करणाऱ्याकडेच असते. आणि सहकाऱ्याला न विचारता त्याचं नाव अर्जात घालू नये. माझ्या शाखेत अशा अर्जांवरून जितकी भांडणं झाली तितकी रजा नाकारल्यावरून झाली नाहीत. रोखपाल बाईंना चावी आपल्याकडे येणार हे टेबलावरच्या अर्जातून कळलं, तर त्या पुढच्या वर्षी तुमच्या रजेला कशा सहकार्य करतील?

या सगळ्याला मर्यादा आहेत. रात्री वडिलांना झटका आला तर यादी, मसुदा, पर्यायी तारखा यांतलं काही नको. फोन करा, ‘निघालोय, चावी घरी आहे, भाऊ आणून देईल’ एवढं सांगा, अर्ज मागाहून. तसंच एकाच शाखेतल्या दोघांना वारीला जायचं असेल तर ज्याचा अर्ज आधी आला त्याला रजा, हा न्याय वरवरचा आहे. दोघांनी अर्ज देण्याआधी एकत्र बसावं. एकाने पहिले तीन दिवस, दुसऱ्याने शेवटचे तीन, किंवा एक वर्षाआड. अर्जाची भाषा कितीही नेटकी केली तरी दोघांच्या रजेला शाखेतली माणसं पुरतीलच असं नाही.

राहता राहिला आमचा वर्ग, मंजुरी देणाऱ्यांचा. उत्तम अर्जालाही आम्ही ‘बघू’ म्हणतो. ‘बघू’ म्हटलं की अर्जदार दिंडीत नाव घालू शकत नाही आणि चावीही सोपवू शकत नाही. मग 17 जुलैला तो हात जोडून उभा राहतो आणि तोच जुना गयावयाचा नमुना तोंडाने म्हणतो. तेव्हा नम्रता त्याच्या स्वभावातून आलेली नसते, ती आम्ही त्याच्याकडून वसूल केलेली असते. अर्जात निर्णयाची तारीख घालण्याचा उपयोग इथे होतो. 4 जुलै उलटली की 6 ला, सोमवारी, त्याने त्याच कागदावर खाली दोन ओळी लिहून पुन्हा द्याव्यात : ‘निर्णय कळलेला नाही. 20 ते 25 शक्य नसेल तर कोणत्या कामामुळे, ते कळावे. त्याची दुसरी सोय सुचवता येते का ते पाहतो.’

असा कागद समोर आल्यावर ‘बघू’ म्हणता येत नाही. मला उत्तर लिहावंच लागतं, आणि ते बहुधा असं असतं : ‘सोनेतारण तपासणी 21 जुलैला ठरली आहे, त्या दिवशी आपण हवे. 22 ते 25 मंजूर. चावी 21 ला संध्याकाळी तपासणीनंतर रोखपालांकडे द्यावी.’

त्याचे दोन दिवस गेले. पण 21 च्या रात्री एसटीने निघून तो 22 ला सकाळी दिंडी गाठू शकतो, आणि हे त्याला 7 जुलैला ठाऊक असतं.